‘शीर’ म्हणजे नेमके काय? शरीररचनाशास्त्राच्या वहीत इंग्रजी संज्ञा आणि मराठी स्पष्टीकरण जुळवण्याची पद्धत

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत कोपराच्या खळग्याविषयी पुढील वाक्य लिहिलेले मी पाहिले: ‘कोपराच्या पुढच्या खळग्यात आतून बाहेर मधली शीर, हाताची शीर आणि स्नायू असतात, आणि त्यांच्या वरून रक्त काढायची शीर जाते.’ ती मराठी माध्यमातून आलेली होती. सकाळी तिने इंग्रजीत व्याख्यान ऐकले होते आणि रात्री वसतिगृहात वरच्या वर्गातल्या ताईकडून तेच मराठीत समजून घेतले होते. ताईने चुकीचे काही सांगितले नव्हते. बोट ठेवून दाखवत सांगितले असेल, तेव्हा ते पूर्ण स्पष्टही झाले असेल. पण बोट निघून गेले आणि कागदावर फक्त शब्द उरले. त्या शब्दांवरून इंग्रजी पुस्तकातल्या रचनांकडे परत जाण्याची वाट राहिली नाही, कारण वाक्यातली पहिली शीर ही नर्व्ह आहे, दुसरी आर्टरी आहे, तिसरी व्हेन आहे, आणि ज्याला स्नायू म्हटले आहे तो प्रत्यक्षात टेंडन आहे. ‘आतून’ आणि ‘वरून’ या शब्दांचे तर प्रत्येकी दोन-तीन अर्थ होऊ शकतात.

हे एकच वाक्य हाताशी धरून, मराठी स्पष्टीकरण इंग्रजी संज्ञांशी कसे जुळवावे आणि वहीत कसे उतरवावे, ते या लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

पहिली पायरी: नोंदीचा मथळा कोणत्या लिपीत असावा

प्रत्येक नोंदीचा मथळा इंग्रजी संज्ञेचा, रोमन लिपीत आणि पुस्तकातल्या अचूक स्पेलिंगसह असावा. परीक्षा इंग्रजीत आहे हे त्याचे एक कारण झाले, पण त्याहून महत्त्वाचे कारण लिपीचे आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या पसरट भागाला इंग्रजीत जवळजवळ सारखी नावे आहेत. स्पेलिंगमध्ये फक्त मधले अक्षर वेगळे असते, आतड्याच्या नावात ते ‘ई’ असते आणि हाडाच्या नावात ‘आय’. देवनागरीत मात्र दोन्ही ‘इलियम’ असेच लिहिले जातात, आणि मग वहीतला ‘इलियम’ कोणता हे संदर्भावरून ओळखावे लागते. ‘पेरिनियल’ आणि ‘पेरोनियल’ या जोडीचेही तसेच आहे. पहिला शब्द दोन मांड्यांमधल्या, गुदद्वार व जननेंद्रियांच्या भागाचा आहे आणि दुसरा पायाच्या नडगीच्या बाहेरच्या अंगाचा. घाईत लिहिताना एका मात्रेच्या फरकाने रचना एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संज्ञासूचीत ‘पेरोनियल’ऐवजी ‘फिब्युलर’ हे नाव मुख्य मानलेले आहे. तरीही अनेक पाठ्यपुस्तकांत आणि वॉर्डात जुने नाव चालते, म्हणून नोंदीत ही दोन्ही नावे एकमेकांशेजारी असावीत.

वहीची मांडणी अशी करावी की डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा येईल आणि समोरच्या उजव्या पानावर तिच्यासाठी तीन ओळींची जागा राहील. पहिल्या ओळीत ती रचना काय आहे आणि काय करते, याचे एक पूर्ण मराठी वाक्य लिहावे. दुसऱ्या ओळीत त्या रचनेसाठी वाचनात किंवा ऐकण्यात आलेले मराठी शब्द लिहावेत, आणि प्रत्येक शब्दापुढे तो शालेय पुस्तकातला आहे, परिभाषा कोशातला आहे, बोलण्यातला आहे, की हिंदीतून आलेला आहे, याची खूण करावी. तिसरी ओळ सुरुवातीला रिकामी ठेवावी. ज्या शब्दामुळे गोंधळ होण्याची शक्यता लक्षात येईल, तो तिथे लिहावा.

यातली पहिली ओळ सर्वांत जास्त कामाची आहे. बहुतेक विद्यार्थी एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द अशी यादी करतात, आणि ती यादी पाठ केली की संज्ञा जुळल्या असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ‘आर्टरी म्हणजे रोहिणी’ एवढे लिहिल्याने ज्ञानात भर पडत नाही, कारण काही मराठी पुस्तकांत तिलाच ‘धमनी’ म्हटलेले असते, व्हेनला कुठे ‘नीला’ तर कुठे ‘शिरा’ म्हटलेले असते, आणि हृदयाच्या कप्प्यांना एका पिढीच्या पुस्तकांत ‘कर्णिका’ व ‘जवनिका’, तर दुसरीकडे ‘अलिंद’ व ‘निलय’ अशी नावे असतात. शब्द पुस्तकागणिक बदलतात. रचना काय आहे हे सांगणारे वाक्य मात्र बदलत नाही, आणि नवा शब्द समोर आला की तो त्या वाक्याशी ताडून पाहता येतो.

दुसरी पायरी: ‘शीर’, ‘नस’ आणि दोरीसारख्या दिसणाऱ्या सगळ्या रचना

मराठी बोलण्यात शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक दोरीसारख्या वस्तूला शीर किंवा नस म्हणतात. ‘सलाइन लावायला शीर सापडत नाही’ यातली शीर व्हेन आहे, ‘कमरेत शीर दबली’ यातली शीर नर्व्ह आहे, आणि ‘मानेची शीर आखडली’ म्हणणाऱ्याला बहुधा ताठरलेला स्नायू सांगायचा असतो. ‘नसबंदी’ या सर्वांना माहीत असलेल्या शब्दातली नस तर रक्तवाहिनीही नाही आणि नर्व्हही नाही, ती शुक्रजंतू वाहून नेणारी व्हास डेफरन्स ही नलिका आहे. रुग्णाशी बोलताना हे शब्द समजून घ्यावेच लागतील, म्हणून ते वहीतून हद्दपार करू नयेत. मात्र ते उजव्या पानावरच्या दुसऱ्या ओळीत, ‘बोली’ अशी खूण करूनच असावेत.

मराठी स्पष्टीकरणात ‘शीर’ आली की लगेच इंग्रजी शब्द शोधू नये. आधी त्या रचनेला तीन प्रश्न विचारावेत. तिच्यातून काही वाहते का? वाहत असेल, तर ते हृदयाकडून येते की हृदयाकडे जाते? आणि तिची दोन टोके कशाला जोडलेली आहेत?

पहिल्या दोन प्रश्नांनी आर्टरी आणि व्हेन वेगळ्या होतात. शाळेत शिकलेली ‘शुद्ध रक्त वाहून नेणारी ती रोहिणी’ ही व्याख्या इथे वापरू नये, कारण हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी पल्मनरी आर्टरी ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते आणि पल्मनरी व्हेन ऑक्सिजनयुक्त रक्त परत आणते. प्रवाहाची दिशा ही एकच कसोटी सगळीकडे टिकते.

तिसरा प्रश्न टेंडन, लिगामेंट आणि नर्व्ह यांच्यासाठी आहे. एक टोक मांसल स्नायूत आणि दुसरे हाडावर असेल तर तो टेंडन. मराठी पुस्तकांत त्याला ‘स्नायुरज्जू’ किंवा ‘कंडरा’ म्हटलेले आढळते. सांध्यापाशी दोन्ही टोके हाडांवर असतील तर ते लिगामेंट, म्हणजे ‘अस्थिबंध’. धडाकडे मागोवा घेतल्यावर जी रचना मेंदूपर्यंत किंवा मेरुरज्जूपर्यंत पोचते आणि बोटांकडे जाताना फांद्या फुटत बारीक होत जाते, ती नर्व्ह, म्हणजे ‘चेता’ किंवा जुन्या पुस्तकांतला ‘मज्जातंतू’. ‘मज्जातंतू’तल्या मज्जेचा ‘अस्थिमज्जे’शी संबंध नाही. अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला रक्तपेशी तयार करणारा मऊ भाग. या दोन शब्दांची नोंद एकमेकांच्या तिसऱ्या ओळीत अवश्य करावी.

डिसेक्शन हॉलमध्येही हेच प्रश्न उपयोगी पडतात. मनगटाच्या पुढच्या बाजूला मीडियन नर्व्ह आणि पामारिस लाँगसचा टेंडन जवळजवळ असतात, दोन्ही पांढरट दोऱ्यांसारखे दिसतात, आणि काही व्यक्तींमध्ये पामारिस लाँगस हा स्नायूच नसतो. तिथे रंगावरून निवाडा करू नये. दोरी धरून कोपराकडे मागोवा घ्यावा. ती लाल-तपकिरी मांसात मिसळली तर टेंडन आहे, आणि स्नायूंच्या मधून तशीच सलग वर जात राहिली तर नर्व्ह आहे. टेंडन असेल तर ओढल्यावर तो ज्या स्नायूचा आहे तो स्नायू हलतो, हा आणखी एक ताळा.

तिसरी पायरी: स्पष्टीकरण कोणत्या परंपरेतून आले ते ओळखणे

‘स्नायू’ हा शब्द सगळ्यांत जास्त फसवतो. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मसल. संस्कृत वैद्यकात मात्र स्नायू म्हणजे बांधणारी, चिवट तंतुमय रचना होती. सुश्रुताच्या शारीरस्थानात ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत. त्यातल्या पेशी म्हणजे मांसाचे पुंजके, आजच्या भाषेत मसल, आणि स्नायू त्यांच्याहून वेगळे मोजलेले आहेत. हिंदीने ‘पेशी’चा हा जुना अर्थ राखला, म्हणून हिंदीत मसल म्हणजे ‘मांसपेशी’ किंवा ‘पेशी’ आणि सेल म्हणजे ‘कोशिका’, तर मराठीत सेल म्हणजे ‘पेशी’. हिंदी परिभाषेत ‘स्नायु’ हा शब्द लिगामेंटसाठी येतो, जुन्या व बोलीतल्या हिंदीत तो नर्व्हसाठीही येतो, आणि नर्व्हचा प्रमाण शब्द ‘तंत्रिका’ आहे. थोडक्यात, ‘पेशी’ आणि ‘स्नायू’ हे दोनच शब्द तीन परंपरांत मिळून सेल, मसल, लिगामेंट आणि नर्व्ह अशा चार रचनांसाठी वापरले जातात.

ग्रीक भाषेतही असेच घडले आहे. ‘न्यूरॉन’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ चिवट दोरी, म्हणजे टेंडनसारखी वस्तू, असा होता आणि नर्व्ह हा अर्थ त्याला नंतर चिकटला. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द आणि संस्कृत ‘स्नायु’ एकाच कुळातले मानतात. ‘अपोन्युरोसिस’ या संज्ञेत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. तिच्यात ‘न्यूरो’ ऐकू येते, पण नर्व्हशी तिचा काहीही संबंध नाही. अपोन्युरोसिस म्हणजे चपटा, पसरट टेंडन. कोपराच्या खळग्यात तो आपल्याला लवकरच भेटणार आहे.

म्हणून मराठी किंवा मराठीसारखे दिसणारे स्पष्टीकरण हाती आले की त्यातले दोन-तीन खुणेचे शब्द आधी पाहावेत. ‘कोशिका’, ‘तंत्रिका’, ‘मांसपेशी’ हे शब्द असतील तर लेखकाने हिंदी परिभाषा वापरली आहे आणि त्याचा ‘स्नायु’ म्हणजे बहुधा लिगामेंट आहे. ‘चेता’, ‘पेशी’, ‘स्नायुरज्जू’, ‘अस्थिबंध’ असतील तर मराठी शालेय परिभाषा आहे आणि स्नायू म्हणजे मसल. ‘मर्म’, ‘स्रोतस्’, ‘कंडरा’ असे शब्द एकत्र आले तर मजकूर आयुर्वेदाच्या रचनाशारीरातून आलेला आहे. तिथे ‘सिरा’, ‘धमनी’, ‘स्नायु’ यांना आधुनिक संज्ञांशी एकास एक जुळवण्याचा प्रयत्नच करू नये, कारण ती वर्गवारी वेगळ्या तत्त्वांवर उभी आहे. बीएएमएसचे मित्र बरोबर शिकत असतील तर हा फरक त्यांच्याशी बोलून घेणे दोघांच्याही हिताचे ठरते. हिंदी व्हिडिओ पाहणाऱ्यांनी आणखी एक शब्द लक्षात ठेवावा: हिंदीतली ‘जाँघ’ म्हणजे मांडी, मराठीतली ‘जांघ’ म्हणजे मांडी आणि पोट जिथे मिळतात तो भाग. फिमोरल आर्टरीची नाडी कुठे चाचपायची हे शिकताना या एका शब्दाने बोट चुकीच्या जागी जाते.

शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश shabdakosh.marathi.gov.in या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि प्रमाण मराठी पर्याय हवा असेल तेव्हा तिथून घ्यावा. पण कोशातला शब्द मिळाला म्हणजे ताईने तोच शब्द त्याच अर्थाने वापरला होता असे होत नाही, हे विसरू नये.

चौथी पायरी: ‘आत’, ‘वर’, ‘मध्ये’ हे शब्द वहीतून काढणे

रचनांची नावे चुकली तर चूक लवकर दिसते. दिशा चुकली तर मात्र दिसत नाही, आणि तोंडी परीक्षेत गुण बहुतेक तिथेच जातात. ‘आत’ या एका मराठी शब्दात मीडियल, डीप आणि इंटर्नल हे तीन वेगळे इंग्रजी अर्थ सामावतात. ‘वर’ या शब्दात सुपीरियर आणि सुपरफिशियल दोन्ही येतात: ‘आर्टरीच्या वर व्हेन आहे’ याचा अर्थ व्हेन खांद्याच्या बाजूला आहे असाही होतो आणि त्वचेच्या बाजूला आहे असाही होतो. ‘मध्य’चे आणखी कठीण आहे, कारण मीडियल, मीडियन आणि मिडल या तिघांसाठीही लोक ‘मध्य’ किंवा ‘मधला’ लिहितात.

यावर मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय मराठीच्या स्वभावातच आहे. दिशा सांगताना ‘आत-बाहेर’, ‘वर-खाली’ असे न म्हणता कशाच्या दिशेने ते सांगावे आणि त्याला ‘कडे’ जोडावे. मीडियल म्हणजे मध्यरेषेकडे, लॅटरल म्हणजे मध्यरेषेपासून दूर, प्रॉक्सिमल म्हणजे धडाकडे, डिस्टल म्हणजे बोटांकडे, सुपरफिशियल म्हणजे त्वचेकडे आणि डीप म्हणजे त्वचेपासून दूर. डीपसाठी ‘हाडाकडे’ म्हणण्याचा मोह होतो आणि हातापायात ते चालतेही, पण कवटीत मेंदू हाडाच्याही पलीकडे असतो आणि पोटाच्या भिंतीत पुढच्या बाजूला हाडच नाही, म्हणून ‘त्वचेपासून दूर’ हेच सगळीकडे टिकते. मीडियनसाठी ‘मध्यभागी असलेला’, मीडियलसाठी ‘मध्यरेषेकडचा’ आणि मिडलसाठी ‘तिघांतला मधला’ असे तीन वेगळे शब्दप्रयोग ठरवून घ्यावेत आणि मग ते वर्षभर बदलू नयेत.

कोपरापासून खाली तर याहून सोपी वाट आहे. शारीरस्थितीत, म्हणजे माणूस ताठ उभा, तळवे पुढे केलेले असताना, करंगळी मध्यरेषेकडे असते आणि अंगठा तिच्यापासून दूर असतो. म्हणून पुढच्या हातासाठी मीडियल म्हणजे ‘करंगळीकडे’ आणि लॅटरल म्हणजे ‘अंगठ्याकडे’ असे लिहिता येते, आणि हात कसाही फिरवला तरी ते शब्द खोटे ठरत नाहीत. एरवी आपण उभे राहतो तेव्हा तळवे मांड्यांकडे असतात, म्हणून ‘हाताची बाहेरची बाजू’ असे लिहिले की मनगटाची मागची बाजू डोळ्यांपुढे येते. हा नियम पायाला लावू नये. पायाचा अंगठा मध्यरेषेकडे असतो, त्यामुळे तिथे ‘अंगठ्याकडे’ म्हणजे मीडियल. ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

प्रदेशांच्या नावांचीही इथेच दुरुस्ती करून घ्यावी. इंग्रजी शरीररचनाशास्त्रात आर्म म्हणजे फक्त खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग, ज्याला मराठीत ‘दंड’ हा चपखल शब्द आहे. संपूर्ण हातासाठी अपर लिंब ही संज्ञा आहे. तसेच लेग म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच भाग. मराठी ‘हात’ आणि ‘पाय’ हे शब्द या सगळ्यांना एकत्र कवेत घेतात, म्हणून वहीत ते कधीच एकटे येऊ नयेत.

पाचवी पायरी: स्नायूंची नावे फोडावीत, भाषांतरित करू नयेत

ब्रेकिओरेडिआलिस, प्रोनेटर टेरिस, सुपिनेटर या नावांसाठी मराठी शब्द घडवण्यात वेळ घालवू नये. नाव फोडून त्याचा अर्थ उजव्या पानावर लिहिला की पुरे होते: ‘ब्रेकिओ’ म्हणजे दंडाचा, ‘रेडिआलिस’ म्हणजे रेडियस हाडाचा, म्हणून दंडाच्या हाडापासून रेडियसपर्यंत जाणारा स्नायू. ‘प्रोनेटर’ म्हणजे तळवा मागे वळवणारा, ‘टेरिस’ म्हणजे गोलसर. लॅटिन नाव बहुधा जागा, जोड, आकार किंवा काम यांपैकी काहीतरी सांगत असते, आणि तेच मराठी वाक्यात उतरवायचे असते. संस्कृतात घडवलेल्या ‘बहिःप्रकोष्ठास्थी’ आणि ‘अंतःप्रकोष्ठास्थी’ या शब्दांनी रेडियस आणि अल्ना ओळखणाऱ्यांनी एवढे पाहावे की इथले ‘बहिः’ आणि ‘अंतः’ म्हणजे अंगठ्याकडचे आणि करंगळीकडचे, त्वचेकडचे किंवा खोलातले असे नव्हे.

सहावी पायरी: सुरुवातीचे वाक्य दुरुस्त करताना

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या वाक्याकडे वळू. तिने इंग्रजी पुस्तकातला क्युबिटल फॉसाचा परिच्छेद समोर ठेवला आणि आपल्या वाक्यातला प्रत्येक नाम व दिशादर्शक शब्द पेन्सिलने अधोरेखित केला. ‘मधली शीर’ हिच्यातून काही वाहत नाही आणि ती दंडातून खाली येत तळव्यापर्यंत जाते, म्हणून ती मीडियन नर्व्ह ठरली. गंमत अशी की नावात ‘मध्य’ असलेली ही नर्व्ह या खळग्यातल्या रचनांच्या मधोमध नसून सर्वांत करंगळीकडे आहे. ‘हाताची शीर’ हिच्यात हृदयाकडून आलेले रक्त वाहते आणि खळग्यातच ती रेडियल आणि अल्नर अशा दोन आर्टरींत विभागते, म्हणून ती ब्रेकियल आर्टरी. ‘स्नायू’ म्हणून लिहिलेल्या रचनेचे वरचे टोक बायसेप्सच्या मांसात आणि खालचे टोक रेडियसवर आहे, म्हणून तो बायसेप्सचा टेंडन. ‘रक्त काढायची शीर’ म्हणजे अंगठ्याकडच्या सेफॅलिक व्हेनला करंगळीकडच्या बॅसिलिक व्हेनशी जोडणारी मीडियन क्युबिटल व्हेन.

मग उरले ‘वरून’. पुस्तकात पाहिल्यावर तिच्या लक्षात आले की व्हेन आणि आर्टरी यांच्या मधे आणखी एक रचना आहे, जी तिच्या वाक्यात आलीच नव्हती. बायसेप्सच्या टेंडनपासून करंगळीकडे एक चपटा पट्टा पसरतो आणि ब्रेकियल आर्टरी व मीडियन नर्व्ह यांना त्वचेकडून झाकतो. हा बायसिपिटल अपोन्युरोसिस, काही पुस्तकांत लॅसर्टस फायब्रोसस. रक्त काढताना सुई व्हेनमधून पलीकडे गेली तर आर्टरी आणि नर्व्ह यांच्यापुढे हाच पट्टा आडवा असतो. ‘वरून’ या सैल शब्दाने ती रचना दडवली होती.

तिने लिहिलेला नवा परिच्छेद असा होता: ‘क्युबिटल फॉसा हा कोपराच्या पुढच्या बाजूचा त्रिकोणी खळगा आहे. करंगळीकडून अंगठ्याकडे जाताना त्यात अनुक्रमे मीडियन नर्व्ह, ब्रेकियल आर्टरी आणि बायसेप्सचा टेंडन लागतो. रेडियल नर्व्ह याहूनही अंगठ्याकडे, ब्रेकिओरेडिआलिसच्या आड असते. आर्टरी आणि मीडियन नर्व्ह यांच्या त्वचेकडे बायसिपिटल अपोन्युरोसिस असतो, आणि त्याच्याही त्वचेकडे मीडियन क्युबिटल व्हेन असते.’ यात इंग्रजी संज्ञा आणि मराठी वाक्यरचना एकत्र नांदतात, आणि वहीसाठी हेच रूप योग्य आहे असे माझे ठाम मत आहे. रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा, हेही या परिच्छेदावरून थेट सांगता येते: बायसेप्सच्या टेंडनच्या करंगळीकडच्या बाजूला.

सीमांचे वाक्य तिला सर्वांत जड गेले. पुस्तकात लिहिले होते की खळग्याची लॅटरल सीमा ब्रेकिओरेडिआलिसच्या मीडियल कडेने बनते, आणि एकाच वाक्यात लॅटरल व मीडियल दोन्ही आल्यामुळे छपाईची चूक असावी असे तिला वाटले. अशा ठिकाणी प्रत्येक दिशेपुढे ‘कोणाची?’ असा प्रश्न विचारावा. अंगठ्याकडची सीमा खळग्याची आहे आणि करंगळीकडची कड स्नायूची आहे. ‘खळग्याच्या अंगठ्याकडच्या सीमेवर ब्रेकिओरेडिआलिस हा स्नायू आहे, आणि त्या स्नायूची जी कड करंगळीकडे आहे ती खळग्याला लागते’ असे लिहिल्यावर विरोधाभास राहत नाही. समोरच्या सीमेवर प्रोनेटर टेरिसची अंगठ्याकडची कड असते, हे त्यानंतर तिला स्वतःहून सांगता आले.

सातवी पायरी: उलट भाषांतराची चाचणी

नोंद बरोबर उतरली आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला स्वतः कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात चित्र आधीच असते. म्हणून पाच-सात दिवस मधे जाऊ द्यावेत आणि उजव्या पानावरचे मराठी वर्णन, डावे पान झाकून, दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावे. त्याने इंग्रजी पुस्तक न उघडता त्या वर्णनावरून एक आकृती काढावी आणि तिच्यावर इंग्रजी नावे लिहावीत. मग ती आकृती पुस्तकातल्या आकृतीशेजारी ठेवून पाहावी. जिथे फरक पडेल तिथे दोष बहुतेक वेळा आकृती काढणाऱ्याच्या ज्ञानाचा नसून वर्णनातल्या एखाद्या शब्दाचा असतो, आणि तो शब्द त्या नोंदीच्या तिसऱ्या ओळीत जातो.

त्या विद्यार्थिनीने आपला परिच्छेद सीमांच्या वर्णनासह खोलीतल्या मैत्रिणीला दिला. रचनांचा क्रम, त्यांची खोली आणि दोन्ही कडा आकृतीत बरोबर आल्या. चुकली ती एकच गोष्ट. ‘दंडाच्या हाडाच्या दोन उंचवट्यांना जोडणारी रेषा हा खळग्याचा पाया आहे’ हे वाक्य वाचून मैत्रिणीने ती रेषा खळग्याच्या बुडाशी, सगळ्या रचनांच्या मागे दाखवली आणि तिथेच ब्रेकिआलिस व सुपिनेटर हे स्नायू काढले. इंग्रजीत या त्रिकोणाची बेस, म्हणजे रुंद बाजू, धडाकडे असते आणि अपेक्स, म्हणजे टोक, बोटांकडे. फ्लोअर ही त्याहून वेगळी गोष्ट आहे आणि ते दोन स्नायू फ्लोअरमध्ये येतात. मराठी ‘पाया’ने या दोघांना एक केले होते. तिने ‘पाया’ खोडून ‘त्रिकोणाची धडाकडची रुंद बाजू’ असे लिहिले, फ्लोअरसाठी ‘तळ’ आणि रूफसाठी ‘छत’ हे शब्द ठरवले, आणि बेसच्या नोंदीच्या तिसऱ्या ओळीत लिहिले: ‘तळाशी गल्लत करू नये. हृदयाची नोंद करताना पुन्हा पाहणे.’ हृदयाचीही बेस वरच्या आणि मागच्या बाजूला असते आणि अपेक्स खाली, पुढे व डावीकडे.